एनएव्ही वाढली, मग पैसे कुठे गेले?

सबमिशनच्या आठवड्यात वर्कशॉपच्या सरांनी हाक मारली की पोटात गोळा येतो. केलेला जॉब परत करायला लावतात की काय, ही भीती. त्या दिवशी मात्र सरांनी मला लेथपासून बाजूला घेतलं, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "अरे, तुझं गणित बरं आहे म्हणतात. हे जरा बघ. माझी चूक होतेय की कागदाची, तेवढं सांग."

तो कागद म्हणजे त्यांच्या युलिपचं वार्षिक स्टेटमेंट. युलिप म्हणजे युनिट लिंक्ड विमा योजना. वर्षापूर्वी सर पगाराच्या खात्याच्या बँकेत एफडी करायला गेले होते. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "सर, एफडीत काय ठेवताय? यात विमा पण आहे, बाजाराचा फायदा पण आहे आणि टॅक्सही वाचतो." सरांनी 60,000 रुपयांचा चेक दिला. दरवर्षी तेवढाच हप्ता, 15 वर्षं, विमा रक्कम 6 लाख. सरांचं वय 45.

सर रीडिंग घेणारा माणूस. पैसे गुंतले त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, त्यांनी डायरीत लिहून ठेवली होती : 20 रुपये. वर्षानंतर ती होती 21 रुपये 60 पैसे. म्हणजे 8 टक्के वाढ. सरांच्या हिशेबाने 60,000 चे 64,800 व्हायला हवे होते. कागदावर फंड मूल्य होतं 58,104. एनएव्ही 8 टक्क्यांनी वर, आणि सरांचे पैसे 3 टक्क्यांनी खाली!

मला उत्तर सापडायला दोन संध्याकाळी आणि मेसच्या चहाचे बरेच कप लागले. उत्तर असं की सरही बरोबर आणि कागदही बरोबर. फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कॅम्पसमधून नोकरी लागेल, पहिला पगार होईल आणि असाच एखादा काउंटर आपल्याही वाट्याला येईल, म्हणून तो हिशेब इथे मांडतोय. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत आणि कर बाजूला ठेवला आहे.)

एका समीकरणाची दोन टोकं

युलिपमध्ये आपण भरलेल्या हप्त्याची युनिटं घेतली जातात. फंड शेअर्समध्ये, रोख्यांमध्ये किंवा दोन्हींत पैसे गुंतवतो आणि रोज एका युनिटची किंमत जाहीर करतो. आपले पैसे किती, तर

फंड मूल्य = युनिटांची संख्या × एनएव्ही

इथपर्यंत म्युच्युअल फंडासारखंच वाटतं, आणि घोटाळा इथेच होतो. म्युच्युअल फंडात चालू खर्च एनएव्हीतूनच वजा होतो. युनिटं आपण विकल्याशिवाय सहसा कमी होत नाहीत. त्यामुळे एनएव्ही 8 टक्के वाढली की आपले पैसेही 8 टक्के वाढले असं धरून चालतं. युलिपमध्ये तसं नाही. इथे समीकरणाचं दुसरं पद, युनिटांची संख्या, दर महिन्याला गुपचूप कमी होत असते. जाहिरातीत आलेख असतो एनएव्हीचा. युनिटांच्या संख्येचा आलेख मी अजून कुठल्याच जाहिरातीत पाहिलेला नाही.

पैसे निघण्याची तीन दारं

पहिलं दार युनिटं घेण्याच्या आधीच उघडतं. त्याला प्रीमियम ॲलोकेशन चार्ज म्हणतात. सरांच्या योजनेत पहिल्या वर्षी तो 5 टक्के होता, दुसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत 3 टक्के आणि पुढे शून्य. म्हणजे 60,000 मधले 3,000 बाजारात गेलेच नाहीत. उरलेल्या 57,000 ची 20 रुपये भावाने 2,850 युनिटं आली. सर 3,000 युनिटं धरून बसले होते. आलेख सुरू होतो तेव्हा हे 3,000 रुपये आधीच गेलेले असतात, त्यामुळे आलेखात ते कधी दिसतच नाहीत.

दुसरं दार दर महिन्याला उघडतं. कंपनी आपली काही युनिटं रद्द करते आणि ते पैसे घेते. यात दोन वजावटी असतात. एक पॉलिसी चालवण्याचा खर्च. सरांचा होता महिना 150 रुपये. दुसरी म्हणजे खऱ्या विम्याची किंमत, मॉर्टॅलिटी चार्ज. तिचा हिशेब जरा नीट समजून घेऊ.

सरांच्या योजनेत मृत्यू झाल्यास 6 लाख किंवा फंड मूल्य, यांपैकी जे जास्त असेल ते मिळतं. आता फंडात 57,000 सरांचे स्वतःचेच आहेत. म्हणजे सरांचं काही बरंवाईट झालं तर कंपनीला पदरचे घालावे लागतील फक्त 5,43,000. ही झाली जोखमीची रक्कम. त्यांच्या वयाला पॉलिसीच्या तक्त्यात दर होता हजारी 2 रुपये 80 पैसे वर्षाला. 543 गुणिले 2.80, म्हणजे वर्षाला साधारण 1,520 आणि महिन्याला 127 रुपये. सरांची समजूत होती की घरच्यांना 6 लाख अधिक फंड असं मिळेल. दोन्ही देणाऱ्या योजनाही असतात, पण त्यांत जोखमीची रक्कम कायम 6 लाखच राहते आणि वयाबरोबर दर चढत गेला की ही वजावटही चढत जाते.

तर 150 अधिक 127, दर महिन्याला 277 रुपये. पहिल्या महिन्यात 20 रुपयांच्या भावाने 13.85 युनिटं गेली. एनएव्ही वाढली तशी थोडी कमी कमी गेली. वर्षभरात मिळून सुमारे 160 युनिटं रद्द झाली. 2,850 मधून 160 गेली, राहिली 2,690. त्यांना 21.60 ने गुणा. 58,104. कागदाचं उत्तर आलं!

तिसरं दार फंडाच्या आत आहे. फंड सांभाळण्याचा आकार, वर्षाला जास्तीत जास्त 1.35 टक्के. तो रोज थोडा थोडा कापला जातो आणि त्यानंतरच एनएव्ही जाहीर होते. म्हणजे सरांची 8 टक्के वाढ ही कापून झाल्यावरची. मुळात फंडाने साडेनऊ टक्क्यांच्या आसपास कमावले होते. या दारातून सरांचे वर्षभरात अंदाजे 780 रुपये गेले.

बेरीज करू. 3,000 पहिल्या दाराने, 1,800 आणि 1,524 दुसऱ्याने, 780 तिसऱ्याने. एकूण सुमारे 7,100 रुपये, हप्त्याच्या जवळजवळ 12 टक्के. गंमत बघा, काउंटरवर सरांना एकच आकडा सांगितला होता : "सर, चार्जेस फक्त 1.35 टक्के." ते खोटं नव्हतं. पण चार वजावटींतली सगळ्यात लहान वजावट तेवढी सांगितली होती.

लपवलेलं नाही, तरी दिसत नाही

इथे कोणी म्हणेल की हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं. खरं आहे. मी सरांची पुस्तिका चाळली, एकही आकार लपवलेला नव्हता. मग दिसत का नाही?

पहिलं कारण आपल्या लोकांना लगेच पटेल : एककं. पहिला आकार हप्त्याच्या टक्क्यांत, दुसरा महिन्याच्या रुपयांत, तिसरा जोखमीच्या रकमेवर हजारी, चौथा फंडाच्या टक्क्यांत. चार राशी, चार एककं. आपण प्रॅक्टिकलला मीटर आणि सेकंद मिळवले तर सर जर्नल फेकून देतील. इथे मात्र ग्राहकाने ती मनातल्या मनात मिळवायची असतात, तीही काउंटरवर उभं राहून, मागे रांग असताना.

दुसरं कारण म्हणजे पैसे हातातून जाताना दिसत नाहीत. दर महिन्याला 277 रुपयांची पावती फाडली असती तर सरांनी दुसऱ्याच महिन्यात विचारलं असतं, "हे कशाचे?" युनिटं रद्द होतात तेव्हा खिशाला हात लागत नाही. बाजार चढा असेल तर वाढीखाली वजावट झाकली जाते. बाजार पडला तर सगळा दोष बाजाराला जातो.

आणि बाजार पडतो तेव्हा आणखी एक गोष्ट होते. समजा एनएव्ही 20 वरून 15 झाली. महिन्याचे 277 रुपये तर घ्यायचेच आहेत, मग 13.85 ऐवजी 18.47 युनिटं रद्द करावी लागतात. शिवाय फंड खाली आल्यामुळे जोखमीची रक्कम वाढते, म्हणजे वजावटही थोडी वाढते. एसआयपीवाले सांगतात की भाव पडला की त्याच पैशात जास्त युनिटं येतात. इथे तेच यंत्र उलटं फिरतं : भाव पडला की त्याच वजावटीसाठी जास्त युनिटं जातात, आणि पुढे भाव वर आला तरी गेलेली युनिटं परत येत नाहीत.

2010 चं वळण आणि त्याची मर्यादा

आपल्याकडच्या बऱ्याच प्राध्यापकांच्या कपाटात जुनी युलिप असेल, म्हणून थोडा इतिहास. ही कल्पना नवी नाही. युनिट ट्रस्टने 1971 मध्येच अशी योजना आणली होती. पण खरी लाट आली ती 2004 ते 2009 च्या तेजीत. तेव्हा पहिल्या हप्त्यातला 25-30 टक्के, काही योजनांत त्याहूनही मोठा भाग पहिल्याच दारातून जायचा. पैसे अडकण्याची मुदत 3 वर्षं होती, म्हणून "तीनच हप्ते भरा, मग सोडून द्या" असं सर्रास सांगितलं जायचं. पण वजावटीचा मोठा वाटा सुरुवातीच्या वर्षांतच होऊन गेलेला असायचा. तीन वर्षांनी बाहेर पडणारा माणूस खर्च सगळा भरून आणि फायद्याची वर्षं सोडून बाहेर पडायचा.

एप्रिल 2010 मध्ये सेबीने 14 विमा कंपन्यांना आपल्या परवानगीशिवाय युलिप विकायला मनाई केली. युलिप हा विमा की गुंतवणूक, यावरून सेबी आणि विमा नियामक यांची जुंपली. शेवटी जूनमध्ये सरकारला अध्यादेश काढून युलिप विमा नियामकाकडे द्यावी लागली. मग 1 सप्टेंबर 2010 पासून नियम बदलले. पैसे अडकण्याची मुदत 5 वर्षं झाली आणि एकूण खर्चाला मर्यादा आली.

ती मर्यादा अशी मोजतात : फंडाने कमावलेला दर उणे ग्राहकाच्या हाती पडणारा दर. 10 वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या योजनेत शेवटी हा फरक 2.25 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कल्पना उत्तम आहे, कारण चार एककांचं एकच एकक होतं. पण ग्राहकाला दाखवल्या जाणाऱ्या या निव्वळ दरात मॉर्टॅलिटी चार्ज आणि कर धरलेले नसतात. वय 22 असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. वय 45 असेल तर बिघडतं, कारण तो दर वयाबरोबर चढत जातो. (कराचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला. त्याआधीच्या स्टेटमेंटवर या वजावटींवर 18 टक्के कर वेगळा दिसेल.)

शिवाय 2 टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. दरवर्षी 60,000 असे 15 वर्षं भरले, म्हणजे एकूण 9 लाख. 8 टक्क्यांनी त्याचे साधारण 17 लाख 59 हजार होतात, 6 टक्क्यांनी 14 लाख 80 हजार. मधले 2 लाख 79 हजार गेले. 8 टक्क्यांनी झाली असती ती कमाई 8 लाख 59 हजार, म्हणजे कमाईचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या 2 टक्क्यांनी खाल्ला.

स्वतः तपासायचं कसं

सही करण्याआधी लाभाचा तक्ता मागायचा. कंपनीला तो द्यावाच लागतो. त्यात 4 आणि 8 टक्के वाढ धरून दरवर्षीचे आकडे असतात. दुसऱ्या भागात 8 टक्क्यांच्या हिशेबाची प्रत्येक वजावट वर्षवार रुपयांत दिलेली असते. चार एककांचं रूपांतर त्यांनीच करून ठेवलेलं असतं, बहुतेक लोक ते पान उलटतच नाहीत. शेवटच्या वर्षाचं फंड मूल्य घ्या आणि कॉम्प्युटर लॅबमधल्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाइप करा :

```
=RATE(15,-60000,0,1480352,1)
```

15 म्हणजे हप्ते, 60000 वार्षिक हप्ता (खिशातून जातो म्हणून उणे), 1480352 शेवटची रक्कम, आणि शेवटचा 1 म्हणजे हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला. या उदाहरणाचं उत्तर 6 टक्के येतं. यात मॉर्टॅलिटी चार्जसकट सगळं आलं. 8 मधून ते वजा केलं की तुमचा खरा खर्च समोर. त्यातला काही भाग विम्याची किंमत आहे, तो फुकट गेला असं म्हणता येणार नाही. पण किती विमा मिळाला तेही बघा. सरांच्या विमा रकमेचा संबंध हप्त्याशी होता, हप्त्याच्या दहापट. घरखर्चाशी तिचा काहीच संबंध नव्हता. सरांच्या घरात दोन मुलं शिकतायत. 6 लाखांत घर किती दिवस चालेल, हा प्रश्न काउंटरवर कोणी विचारलाच नव्हता.

पॉलिसी घेतल्यावर दरवर्षी स्टेटमेंटवर एनएव्हीच्या आधी युनिटांची संख्या बघा. वर्षाच्या सुरुवातीची, नव्या हप्त्याने आलेली आणि रद्द झालेली. रद्द झालेल्या ओळीत किती रुपये गेले ते एकदा बेरीज करून ठेवा.

सगळ्याच युलिप सारख्या नसतात हेही सांगायला हवं. काही योजनांत पहिलं दार बंदच असतं, काहींत मॉर्टॅलिटी चार्ज मुदतीच्या शेवटी परत मिळतो. शेअर्सच्या फंडातून रोख्यांच्या फंडात आतल्या आत जाताना कर लागत नाही, ही खरीच सोय आहे. पण कुठली योजना कशी, हे एनएव्हीवरून कळणार नाही. वरचं गणित केल्यावरच कळेल.

सरांना मी दोन पानं लिहून दिली. ते म्हणाले, "म्हणजे आता बंद करू?" मला पटकन हो म्हणावंसं वाटलं, पण तेही मोजून पाहिलं. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, ती मुदत कधीच गेली होती. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरच थांबलं तर फंडातून बंद करण्याचा आकार कापून पैसे एका वेगळ्या फंडात जातात. तिथे किमान 4 टक्के व्याज मिळतं, पण रक्कम हाती येते 5 वर्षं पूर्ण झाल्यावरच. चालू ठेवलं तर आणखी चार वर्षं 3 टक्के पहिल्या दाराने जाणार. गेलेले 3,000 दोन्हीकडे गेलेलेच आहेत, त्यांच्यासाठी रडून उपयोग नाही. तुलना करायची ती इथून पुढच्या खर्चाची.

सरांनी कागद परत चार घड्या करून खिशात ठेवला. "बघतो घरी बोलून," म्हणाले. दोन दिवसांनी वर्कशॉपच्या फळ्यावर, टॉलरन्सच्या तक्त्याच्या शेजारी, खडूने एक ओळ लिहिलेली दिसली :

युनिटं × एनएव्ही. दोन्ही मोजा.

खालच्या बॅचला वाटलं, व्हायवाला येणार आहे. वहीत उतरवून घेत होते.